पद्मनगरातून मैत्रिणीला पत्र

पितृअमावस्या आली की भिवंडीच्या पद्मनगरात बतुकम्मा रचायला सुरुवात होते. तेलंगणातून मागाच्या धंद्यासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांचा हा नऊ दिवसांचा सण. सहामाही परीक्षेआधीच्या याच दिवसांत आपण पाचवीच्या वर्गाला सांगतो, ‘घरच्या सणाबद्दल पत्रमैत्रिणीला पत्र लिहा.’ घरी तेलुगू आणि शाळेत मराठी असलेल्या मुलीला हे पत्र कुठे अडतं, ते या अंकात पाहू.

पहिलं वाक्य बहुधा असं येतं: ‘बतुकम्मा हा आमचा महत्त्वाचा सण असून तो मोठ्या उत्साहाने साजरा केला जातो.’ सणाचं नाव झाकून पाहा. तिथे गणपती, ईद, होळी काहीही चालतं. मुलीने निबंधाच्या वहीतलं वाक्य उचललं आहे, घरातलं काहीच सांगितलेलं नाही. म्हणून वही उघडण्याआधी तिला तोंडी बोलू द्यावं. परात कुणी घासली, फुलं कुठून आली, वर काय ठेवलं, एवढं विचारलं तरी पुरतं. तेलंगणात गावाकडे तरवडाची पिवळी फुलं रानात मिळतात. इथे झेंडूवर भागवावं लागतं, हेही तीच सांगेल.

खरी अडचण यानंतरची. ‘मी उठले, मी बाजारात गेले’ इथपर्यंत पत्र सरळ चालतं. मग येतं, ‘मी परात आणले, आई परात घासली, मी भात खाल्ले.’ तेलुगूत भूतकाळातही क्रियापद कर्त्यामागे जातं आणि कर्त्याला ‘ने’ लागत नाही. ‘मी जेवले’ बरोबर, मग ‘मी भात खाल्ले’ चूक का, हा तिचा प्रश्न रास्त आहे. सणाच्या पत्रात आणणं, रचणं, करणं, वाटणं याच क्रिया जास्त असतात. त्यामुळे सोपं म्हणून दिलेलं हे पत्र तिच्यासाठी मराठीतल्या सर्वांत अवघड जागी येऊन थांबतं.

मुलींच्या वहीत ही चूक लपतेही. ‘मी हार आणले’ बरोबर दिसतं, कारण हार अनेक असू शकतात. ‘मी फुलं आणले’ ही वचनाची गफलत वाटते. खात्री करायची तर परात, पणती, ओटी असे स्त्रीलिंगी शब्द द्यावेत. ‘मी पणती लावले’ आलं की दुखणं कळलं.

माझं मत असं, की हे पत्र दोन दिवसांत लिहून घ्यावं. पहिल्या दिवशी फक्त उठणं, जाणं, येणं, बसणं, नाचणं. दुसऱ्या दिवशी वस्तूंची नावं फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येक नावाला क्रियापद जोडून घ्यावं: परात घासली, थर रचले, भात खाल्ला, फुलं आणली. ‘मी गाणं शिकले’, ‘मी ओळ विसरले’ ही वाक्यं बरोबर आहेत, पण ती या आठवड्यात फळ्यावर येऊ देऊ नयेत. नियम बसण्याआधीच अपवाद दिला तर मूल पुन्हा ‘आणले’वर जातं.

एवढं झाल्यावर पत्र साधारण असं उतरतं:

‘प्रिय मैत्रिणी, सप्रेम नमस्कार. काल बतुकम्माचा शेवटचा दिवस होता. मी पहाटे उठले आणि बाबांबरोबर बाजारात गेले. आम्ही झेंडू आणि कुर्डू आणला. कुर्डू पांढरा असतो, म्हणून आजीने तो गुलाबी रंगात बुडवला. आईने पितळी परात घासली. आम्ही तिच्यात फुलांचे गोल थर रचले. वर हळदीची गौरम्मा ठेवली. संध्याकाळी बायका टाळ्या वाजवत तिच्याभोवती फिरल्या. मग आम्ही ती पाण्यात सोडली. मी चिंचेचा भात खाल्ला. तुमच्या भोंडल्यात हत्तीभोवती फेर धरतात ना? खिरापत काय असते?’

शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम आहेत. पत्रमैत्रीण साताऱ्याची असेल तर तिच्याकडे याच नवरात्रात भोंडला असतो. फेर, गाणी आणि खाऊ दोन्हीकडे आहे, त्यामुळे उत्तर लिहायला तिच्याजवळ काहीतरी असतं. प्रश्न नसलेल्या पत्राला ‘तुझं पत्र मिळालं’ यापलीकडे उत्तर येत नाही.

‘गौरम्मा’सारखा घरचा शब्द तसाच राहू द्यावा. फक्त ती हळदीची असते, एवढं वाक्यात यावं.

तपासताना लाल शाई एकाच गोष्टीवर, म्हणजे भूतकाळाच्या क्रियापदावर खर्च करावी. ऱ्हस्व-दीर्घाकडे पुढच्या पत्रात पाहता येईल. ‘मी भात खाल्लो’ असं सोलापूरकडच्या मराठीभाषक घरांतही सर्रास बोललं जातं. तेव्हा मुलीच्या वडिलांना तुमचं मराठी चुकतं असं सांगू नये. पत्रात कसं लिहायचं, तेवढंच तिला शिकवावं, आणि तिचं पत्र खरोखर पोस्टात टाकावं.