टॅगवरचा आकडा कॉपी करू नका, बॅग स्वतः मोजा



बॅगांचं ऑनलाइन लिस्टिंग करताना बहुतेक जण काय करतात? होलसेलवाल्याच्या टॅगवरचा मजकूर जसाच्या तसा उचलतात. ‘३५ लिटर, १५.६ इंच लॅपटॉप, वॉटरप्रूफ.’ मीही पहिल्या लॉटला हेच केलं होतं. बॅगा विकल्या गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच परतही आल्या. कारण जवळपास एकच : ‘लॅपटॉप बसत नाही.’ तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लिस्टिंगमधला प्रत्येक आकडा तुमच्या स्वतःच्या मोजपट्टीतून आलेला पाहिजे.

आधी लॅपटॉपचं बघू. १५.६ इंच हे स्क्रीनचं तिरकं माप आहे, पूर्ण लॅपटॉपचं नाही. साधा १५.६ इंची लॅपटॉप साधारण ३६ सेंमी लांब, २४ सेंमी रुंद आणि २ सेंमी जाड असतो. त्याच स्क्रीनचा गेमिंग लॅपटॉप २६ सेंमी रुंद आणि अडीच सेंमी जाड असू शकतो. बॅकपॅकमध्ये लॅपटॉप उभा जातो, म्हणजे त्याची रुंदी कप्प्याच्या रुंदीत बसावी लागते. आता कप्पा सपाट ठेवून आतून मोजा. त्यात लॅपटॉपची रुंदी अधिक जाडी एवढी जागा हवी. जाडी धरायची, कारण लॅपटॉप आत गेला की कापड फुगतं आणि कप्पा रुंदीला कमी होतो.

माझ्या बॅगेचा कप्पा आतून २७ सेंमी निघाला. साध्या लॅपटॉपला २४ अधिक २, म्हणजे २६ लागतात, तो बसतो. गेमिंगला २६ अधिक २.५, म्हणजे २८.५ लागतात, तो अडकतो. दोघांच्याही बिलावर १५.६ इंचच लिहिलेलं असतं! म्हणून इंचासोबत सेंटिमीटर लिहा. उंचीही तपासा : लॅपटॉप आत ठेवून वरची चेन पूर्ण बंद झाली पाहिजे.

आता लिटर. बॅग बाहेरून ४६ × ३० × १८ सेंमी होती. गुणाकार करून हजारने भागलं की २४.८ लिटर येतात. म्हणजे टॅगवरचे ३५ तिथेच खोटे ठरले. त्यातही बॅग चौकोनी खोका नसते. कोपरे गोल असतात, पॅडिंग जागा खातं. मी आत प्लास्टिकची पातळ पिशवी घातली आणि एक लिटरच्या मापाने चुरमुरे भरले. सगळे कप्पे एकाच वेळी भरले, न दाबता. २२ लिटर झाले. लिस्टिंगमध्ये २२च लिहिले.

कापडावर ६०० डेनियर लिहिलेलं असतं, म्हणजे त्या धाग्याच्या ९००० मीटरचं वजन ६०० ग्रॅम. धागा जाड आहे एवढंच त्यातून कळतं. पाणी अडवतं ते आतलं कोटिंग, आणि शिलाईच्या भोकांतून तरीही पाणी शिरतं. बॅगेत जुने पेपर भरा, शिलाईवर ग्लासभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी पेपर बघा. ओला असेल तर ‘वॉटरप्रूफ’ शब्द काढून टाका.

चेनच्या रनरच्या मागे बऱ्याचदा ५, ८ किंवा १० असा नंबर असतो. तो साधारण बंद दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबर असलेला बरा. पण नंबरवर थांबू नका. बॅग गच्च भरा आणि कोपऱ्यावरून वीस वेळा उघडझाप करा. रनरच्या मागे दात सुटायला लागले, तर तो माल घेऊच नका.

तुम्ही म्हणाल, ‘सगळे ३५ लिहितात. मी २२ लिहिले तर माझी बॅग कोण घेणार?’ खरं आहे, काही गिऱ्हाईकं पुढे जातील. पण हिशोब करा. समजा एका बॅगेमागे तुमच्या हातात १४० रुपये उरतात आणि एक बॅग परत आली की कुरिअर-पॅकिंगमध्ये १६० जातात. म्हणजे एक परतावा पुढच्या विक्रीचा सगळा नफा खाऊन वर २० रुपये खिशातून काढतो. जे गिऱ्हाईक बॅग परत पाठवणारच आहे, ते आधीच पुढे गेलेलं परवडतं.

माझं आत्ताचं लिस्टिंग असं आहे :

‘क्षमता २२ लिटर, आतून भरून मोजलेली. एक लॅपटॉप, दोन वह्या, डबा आणि एक ड्रेस बसतो. लॅपटॉप ३६ × २४ × २ सेंमीपर्यंत. जाड गेमिंग लॅपटॉप बसत नाही. ६०० डेनियर पॉलिएस्टर, मुख्य चेन ८ नंबर. हलक्या पावसात चालते, मुसळधार पावसात कव्हर वापरा.’

सोबत कप्प्यावर मोजपट्टी ठेवलेला एक फोटो टाका. ‘बसत नाही’ हे लिहायला सुरुवातीला हात धजत नाही, पण परतावे थांबवायचं सगळ्यात जास्त काम तेच वाक्य करतं.