चाकावरल्या रेषा आणि अंशांचे आकडे

आपल्याकडची पत्रिका चौकोनी. आजोबांच्या ट्रंकेत हळदीकुंकवाचे डाग पडलेली जी सापडते, ती. पण हल्ली वसतिगृहातल्या खोल्याखोल्यांतून जी दिसते ती गोल आहे. मोबाईलवर जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकायचे अवकाश, की पाश्चात्त्य पद्धतीचे चाक उमटते आणि त्याच्या पोटात तांबड्या-निळ्या रेषांचे जाळे. मग कुणीतरी जाणकार पुढे सरसावतो. “अरे, तुझा तर टी-स्क्वेअर आहे!” “तुझा ग्रँड ट्राइन, नशीबवान आहेस!” ज्योतिष खरे की खोटे हा वाद इथे मला घालायचा नाही, त्यासाठी कँटीन आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे आकार रेषा पाहून शोधू नयेत, आकडे पाहून शोधावेत. रेषांना भुलून लोक नसलेले आकार पाहतात आणि मग दुसऱ्याला उगाच घाबरवतात.

खरे तर ही नावे परकी असली तरी त्यांतला माल आपल्या ओळखीचा आहे. टी-स्क्वेअर म्हणजे एक प्रतियोग आणि त्या दोन्ही टोकांशी केंद्रयोग करणारा तिसरा ग्रह. ग्रँड ट्राइन म्हणजे तीन नवपंचम योगांचा त्रिकोण. योड म्हणजे दोन ग्रहांत लाभयोग आणि त्या दोघांशी षडाष्टक करणारा तिसरा. स्टेलियम म्हणजे एका जागी जमलेली ग्रहांची गर्दी. फरक इतकाच, की आपण बहुधा राशी मोजतो. त्या पद्धतीत अंश मोजावे लागतात.

आता आकडे कसे पाहायचे? चाकावर प्रत्येक ग्रहाशेजारी रास आणि तिच्यातला अंश लिहिलेला असतो. एका कागदावर सगळे ग्रह अंशांच्या क्रमाने उतरवून काढा. राशीकडे तूर्त लक्षच देऊ नका. ज्यांचे आकडे जवळजवळ आहेत त्यांचा एक गट करा. एक रास तीस अंशांची, त्यामुळे आकडे जुळले की दोघांतले अंतर तीसच्या पटीत आलेच. मग राशी मोजा. पहिली रास धरून तिसरी आली तर लाभयोग, चौथी केंद्रयोग, पाचवी नवपंचम, सहावी षडाष्टक, सातवी प्रतियोग.

उदाहरणादाखल 11 ऑगस्ट 1999 घेऊ, खग्रास सूर्यग्रहणाचा दिवस. ग्रहणाच्या वेळी सायन राशींत सूर्य-चंद्र सिंहेच्या 18 अंशांवर होते, मंगळ वृश्चिकेच्या 17 वर, शनी वृषभेच्या 17 वर आणि हर्षल कुंभेच्या 15 वर. 15, 17, 17, 18 हा झाला गट. मंगळ आणि शनी समोरासमोर, म्हणजे प्रतियोग. सिंह रास दोघांपासूनही चौथी, तेव्हा सूर्य-चंद्राचा दोघांशीही केंद्रयोग. झाला टी-स्क्वेअर, आणि त्याचे टोक सूर्य-चंद्रावर. आता हर्षलही मोजला तर तो सूर्यासमोर बसतो आणि मोकळी चौथी बाजू भरून निघते. मग तो टी-स्क्वेअर राहत नाही, पुरा क्रॉस होतो. म्हणजे जुने सातच ग्रह मानणाऱ्याला एक आकार दिसेल आणि हर्षल मानणाऱ्याला दुसरा, आकाश तेच.

त्याच दिवशी गुरूही वृषभेत होता. शनीच्या राशीत आहे म्हणून नवशिक्या त्याला या आकारात हमखास ओढतो. पण गुरू 5 अंशांवर होता. त्याच्यापासून सिंहेतला सूर्य 103 अंशांवर पडतो. याला केंद्रयोग कोण म्हणेल? रास जुळली, आकडा जुळला नाही. या चारही राशी स्थिर आहेत हेही पाहण्यासारखे आहे. चांगला टी-स्क्वेअर बहुधा एकाच जातीच्या राशींत सापडतो, सगळ्या चर, सगळ्या स्थिर किंवा सगळ्या द्विस्वभाव.

ग्रँड ट्राइनला हीच युक्ती लागू आहे, फक्त तत्त्व एक हवे: तिन्ही अग्नी, तिन्ही पृथ्वी, वायू किंवा जल. मात्र राशींच्या सीमेवर सांभाळा. एक ग्रह वृषभेच्या 29 अंशांवर आणि दुसरा कन्येच्या 1 अंशावर असला, तर राशींवरून नवपंचम वाटतो. पण मधले अंतर 92 अंश, म्हणजे चक्क केंद्रयोग.

स्टेलियमची गोष्ट वेगळी आहे. ती डोळ्यांना सहज दिसते, म्हणूनच स्वस्त झाली आहे. बुध सूर्यापासून 28 अंशांच्या आणि शुक्र 48 अंशांच्या पलीकडे कधी जातच नाही. त्यामुळे हे तिघे एका राशीत असणे ही दरसालची बाब आहे, तिला स्टेलियम म्हणण्यात अर्थ नाही. या त्रिकुटाबाहेरचा निदान एक तरी ग्रह गर्दीत हवा. खरी गर्दी पाहायची असेल तर फेब्रुवारी 1962 ची पाहावी. आपले आजी-आजोबा अजूनही ‘अष्टग्रही’ म्हणून तिची आठवण काढतात. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी असे सातही ग्रह सतरा-अठरा अंशांच्या पट्ट्यात आले होते, आठवा केतू. देशभर यज्ञ झाले, जग बुडणार म्हणून लोक धास्तावले. जग बुडाले नाही, हे आपल्या वार्षिकांकावरून दिसतेच आहे!

पण माझा खरा राग योडवर आहे. त्याला ‘देवाचे बोट’ असे भारदस्त नाव आहे, आणि षडाष्टक हा शब्द आपल्याकडे भांडणाशीच जोडलेला. माझ्या वर्गातल्या एकीने आईचे चाक काढले. जन्म 11 मे 1980. कुणीतरी तिला सांगितले, की सूर्यावर योड आहे, आईच्या आयुष्यात नियतीने बोट रोखले आहे. पोरगी दोन दिवस गप्प होती.

आता आकडे पाहू. त्या दिवशी सूर्य वृषभेच्या सुमारे 21 अंशांवर, प्लूटो तुळेच्या सुमारे 20 वर आणि नेपच्यून धनूच्या सुमारे 22 वर होता. तूळ आणि धनू यांत लाभयोग, वृषभेशी दोघांचेही षडाष्टक. योड बरोबर आहे, ओढूनताणून आणलेला नाही. परंतु नेपच्यून आणि प्लूटो इतके मंद, की आठवडाभरात त्यांचा अंशही धड बदलत नाही. त्यामुळे त्या मे महिन्यात सूर्य त्या टापूत असेपर्यंत, म्हणजे चार-पाच दिवसांत, जगात जितकी बाळे जन्मली त्या सर्वांच्या चाकावर हेच बोट आहे. नेपच्यून-प्लूटोचा हा लाभयोग तेव्हा वर्षानुवर्षे कमीअधिक टिकून होता. दरवर्षी मे महिन्याच्या आसपास सूर्य तिथे येई आणि योड तयार होई. ते त्या बाईंचे व्यक्तिगत भविष्य कसे ठरणार?

योडला सवलतही कमी द्यावी. प्रतियोगात सहा-सात अंशांचा फरक चालवून घेतात. योडमध्ये दोन, फार तर तीन. मी तर आधी टोकाचा ग्रह पाहतो. टोकावर चंद्र असेल तर तो दिवसाला सुमारे 13 अंश चालतो, म्हणजे चार अंशांची सवलत सात-आठ तासांत संपते. लग्नबिंदू असेल तर साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो. असा योड निदान त्या माणसाचा म्हणता येईल. पण त्यासाठी जन्मवेळ नेमकी हवी. ‘संध्याकाळी दिवेलागणीला’ एवढेच घरी ठाऊक असेल, तर लग्नावरचा योड कागदावरून खोडून टाकावा.