जवानाचं तोंडी मृत्युपत्र

मैत्रिणींनो, पुसदहून एका वाचक भगिनीनं विचारलं आहे, "आमचे हे फौजेत आहेत. 'माझं काही बरंवाईट झालं तर चार एकर शेत तुझं,' असं तिथल्या दोन जवानांसमोर ते बोलले. याला मृत्युपत्र म्हणायचं का?"

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याची ६५ आणि ६६ ही कलमं याचसाठी आहेत. मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष युद्धात असलेला सैनिक, तसाच वैमानिक, आणि समुद्रावरचा खलाशी, वय अठरा पूर्ण असेल तर, सवलतीचं मृत्युपत्र करू शकतो. सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं तर सही नको, साक्षीदार नको. दुसऱ्यानं लिहिलं आणि यानं सही केली, तरी साक्षीदारांवाचून चालतं. नुसतं तोंडी सांगायचं तर दोन साक्षीदार एकाच वेळी समोर हवेत. एकाला सकाळी अन् दुसऱ्याला संध्याकाळी सांगून भागत नाही.

नुसती वर्दी अंगावर असून मात्र ही सवलत मिळत नाही. शांततेच्या छावणीतला किंवा सुट्टीवर घरी आलेला जवान यात बसत नाही. उलट जहाज बंदरात थांबलं म्हणून खलाशी घटकाभर किनाऱ्यावर उतरला, तरी प्रवास चालू असल्यानं तो समुद्रावरच धरला जातो. आणि तोंडी मृत्युपत्राला मुदत असते बरं का! माणूस सुखरूप परतला, सवलतीचा हक्क संपला, की त्यानंतर एका महिन्यात ते रद्द होतं. लेखी असेल तर ही महिन्याची अट नाही.

आता खरी मेख ऐका. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्रांना या कायद्याची कोणती कलमं लागू, याची यादी तिसऱ्या परिशिष्टात आहे, आणि तिच्यात ६५, ६६ नाहीत! साध्या मृत्युपत्राचं ६३ वं कलम आहे, पण ते मोहिमेवरच्या सैनिकाला आपल्या नियमांतून वगळतं. म्हणजे वादाला जागा उरलीच. ख्रिस्ती किंवा पारशी जवानाला ही सवलत सरळ मिळते. मुसलमानांच्या मृत्युपत्राला त्यांचा स्वतंत्र कायदा आहे.

पुसदच्या ताई हिंदू आहेत. उद्या दिरानं हरकत घेतली, तर ते दोन जवान कुठल्या ठाण्यावर असतील कोण जाणे! त्यांना शोधून यवतमाळच्या कोर्टात उभं करणं सोपं का आहे? त्यापेक्षा यजमानांना आजच कळवा: साध्या कागदावर शेताचा गट नंबर, गाव आणि तुमचं नाव लिहा, तारीख घाला, दोघा सोबत्यांसमोर सही करा आणि त्या दोघांनीही यजमानांसमोर सही करावी. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. हे झालं साधं मृत्युपत्र. त्याला महिन्याची मुदतही नाही आणि धर्माचा प्रश्नही नाही. साक्षीदारांची पूर्ण नावं, गाव आणि पलटण कागदावर जरूर लिहायला सांगा.