येणं तीन लाखांचं, तरी २० तारखेला हात रिकामा

"बाजारात तीन लाख येणं आहे, मग चिंता कसली?" असं धंदेवाईक घरांत नेहमी ऐकू येतं. चिंता रकमेची नसते, तारखेची असते. बिलावर लिहिलेली मुदत एक आणि गिऱ्हाईक प्रत्यक्षात पैसे देतं ती तारीख वेगळी.

समजा, डोंबिवली एमआयडीसीत आपल्या एका भाईंचं पुठ्ठ्याची खोकी बनवायचं युनिट आहे. १ जूनला बँकेत ७० हजार आहेत आणि तीन बिलं बाकी आहेत. भिवंडीच्या गोदामाकडे ९० हजार, मुदत २८ मे. डोंबिवलीच्या कारखान्याकडे १ लाख ८० हजार, मुदत ५ जून. ठाण्याच्या मिठाईवाल्याकडे ४० हजार, मुदत १० जून.

आता जुनी वही उघडा. प्रत्येक गिऱ्हाइकाची मागची सात चुकती बिलं घ्या आणि मुदतीनंतर किती दिवसांनी पैसे आले ते लिहा. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचला. सरासरी नको, कारण भांडणात तीन महिने अडकलेलं एकच बिल ती बिघडवतं. समजा, गोदाम १२ दिवस, कारखाना २२ दिवस आणि मिठाईवाला ३ दिवस उशीर करतो. म्हणजे पैसे अनुक्रमे ९, २७ आणि १३ जूनला येतील.

खर्चाच्या तारखा ठरलेल्या आहेत. ७ तारखेला पगार ६५ हजार, उरले ५ हजार. ९ तारखेला गोदामाचे आले, झाले ९५. १० तारखेला कागदवाल्याचे ८० दिले, उरले १५. १३ तारखेला मिठाईवाल्याचे आले, झाले ५५. २० तारखेला जीएसटी आणि भाडं मिळून ७५ हजार. इथे २० हजार कमी पडतात. जीएसटी बिल केल्यावर लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत म्हणून तो थांबत नाही. कारखान्याची रक्कम यायला अजून सात दिवस आहेत.

तिघांना मिळून सरसकट १२ दिवस धरले असते, तर कारखान्याचे पैसे १७ तारखेलाच दिसले असते आणि खड्डा वहीत सापडलाच नसता. म्हणून उशीर ज्याचा त्याचाच धरायचा.

१ तारखेला हे कळलं, तर कागदवाल्याला "साठ आता देतो, वीस महिनाअखेरीस" असं आधीच सांगता येतं. १९ तारखेला कळलं, तर व्याजाचा पैसा शोधावा लागतो.

हा हिशेब दर आठवड्याला नव्याने करा. अंदाजाची तारीख उलटूनही पैसे आले नाहीत, तर ती पुढे ढकलून गप्प बसू नका. फोन करा. माल परत गेला असेल किंवा बिलात तक्रार असेल. तो उलगडा होईपर्यंत ती रक्कम येण्यात धरू नका. नव्या गिऱ्हाइकाची जुनी बिलं नसतात. त्याला सर्वांत उशिरा देणाऱ्याइतकेच दिवस लावा.