दोरीच्या सांध्याचा हिशेब

पदार्थविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हटकून येतो. बारीक दोराला जाड दोर जोडला आहे, बारीक दोरावरून एक स्पंद सांध्याकडे येत आहे, तर परत येणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या स्पंदांचे परमप्रसर काढा. विद्यार्थी पाठ केलेली दोन सूत्रे लिहितो, त्यात आकडे घालतो आणि गुण मिळवतो. ‘जड माध्यमावर आपटला की उलटतो’ हे एक वाक्यही त्याला पाठ असते. पण पुढचा स्पंद आलेल्या स्पंदाहून मोठा होऊ शकेल काय, असे कुणी विचारले की तोच विद्यार्थी गडबडतो. ऊर्जा कुठून येईल, असे म्हणून तो ‘शक्य नाही’ असे ठोकून देतो. हे उत्तर चूक आहे. याचे कारण, माझ्या मते, एकच आहे. आपण सूत्र शिकवतो, सांधा शिकवत नाही.

सांधा शिकवणे कठीण नाही. एक साधे उदाहरण घेऊ. ६ मिलिमीटर जाडीचा सुती दोर घ्या. त्याचे वजन मीटरला २५ ग्रॅम धरू. त्याच दोराचे चार पदर एकत्र घेऊन ठिकठिकाणी बांधले की मीटरला १०० ग्रॅमचा जाड दोर तयार होतो. त्याची जाडी सुमारे दुप्पट, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आसपास भरते. हे दोन्ही दोर टोकाला टोक जोडून आडवे ताणा. ताण ४० न्यूटन, म्हणजे चार किलो वजन टांगल्यावर जितका ओढ बसेल तितका. दोरावरचा स्पंदाचा वेग ताण आणि दर मीटरचे वस्तुमान यांच्यावर ठरतो:

v = √(T/μ)

बारीक दोरात तो सेकंदाला ४० मीटर येतो आणि जाड दोरात २० मीटर. वस्तुमान चौपट झाले, पण वेग निम्माच झाला, कारण मध्ये वर्गमूळ आहे.

आता बारीक दोरावरून ६ सेंटिमीटर उंचीचा आणि ६० सेंटिमीटर लांबीचा स्पंद सोडला. सांध्यावर काय होईल? सांध्याला दोनच गोष्टी पाळायच्या आहेत.

पहिली गोष्ट, दोर तुटलेला नाही. म्हणून सांध्याच्या डावीकडचे टोक जितके उचलले जाईल तितकेच उजवीकडचेही उचलले गेले पाहिजे. डावीकडे आलेला आणि परतणारा असे दोन स्पंद एकमेकांवर चढलेले असतात, उजवीकडे फक्त पुढे जाणारा असतो. आलेल्याची उंची A, परतणाऱ्याची B, पुढच्याची C मानली तर A + B = C.

दुसरी गोष्ट, सांध्याला स्वतःचे असे वजन नाही. बिनवजनाच्या बिंदूवर जराही बल उरले तर त्याचे त्वरण अमर्याद होईल. म्हणून डावा दोर त्याला जितका खाली ओढतो तितकाच उजव्याने वर ओढला पाहिजे. ताण दोन्हीकडे सारखाच आहे, तेव्हा बल सारखे राहण्यासाठी दोन्हीकडचा चढही सारखाच हवा. सांध्यावर दोराला कोन पडता कामा नये. एकाच वेळात तितकाच उचलला जाणारा स्पंद मंद दोरात आखूड होतो आणि त्याचा चढ खडा होतो. म्हणजे चढ हा उंची भागिले वेग या प्रमाणात असतो. परतणारा स्पंद उलट दिशेने जात असल्यामुळे त्याचा चढ वजा करावा लागतो. म्हणून

(A − B)/v₁ = C/v₂

आपल्या उदाहरणात v₁ हा v₂ च्या दुप्पट आहे, म्हणून A − B = 2C. यात A + B = C मिळवले की 2A = 3C. A सहा सेंटिमीटर असल्याने C चार सेंटिमीटर आणि B उणे दोन सेंटिमीटर. झाले. पाठांतर काहीच लागले नाही. अक्षरांतच ठेवायचे असेल तर याच दोन ओळींतून

C = 2v₂A/(v₁ + v₂)
B = (v₂ − v₁)A/(v₁ + v₂)

ही पुस्तकातली सूत्रे निघतात. ताण बदलला तर दोन्ही वेग एकाच पटीत बदलतात, म्हणून या उंची ताणावर अवलंबून नाहीत, हेही येथेच दिसते.

उणे चिन्हाचा अर्थही आता समजतो. येणारा स्पंद सांध्याला ६ सेंटिमीटर उचलू पाहतो. पलीकडचा जड दोर त्याला तितके उठू देत नाही, सांधा ४ सेंटिमीटरच उठतो. बारीक दोराच्या टोकाला ६ च्या जागी ४ व्हायचे असेल तर त्यात उणे २ मिसळले पाहिजेत. ते उणे २ म्हणजेच परतणारा, उलटा स्पंद. जाड दोराच्या जागी भिंत असेल तर सांधा मुळीच उठत नाही, म्हणून उणे ६ परत येतात. टोक मोकळे असेल तर ते १२ सेंटिमीटर उसळते आणि अधिक ६ परत येतात. ‘उलटतो की नाही’ हा नियम वेगळा लक्षात ठेवण्याची गरज नाही. सांधा किती उठला तेवढे पाहावे.

आता ऊर्जेकडे वळू. ऊर्जा परमप्रसराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे सर्वांना ठाऊक आहे. येणाऱ्याचा वर्ग ३६, परतणाऱ्याचा ४, पुढच्याचा १६. चार आणि सोळा मिळून वीस. मग बाकीचे सोळा कुठे गेले? पुष्कळजण येथे ‘सांध्यात उष्णता झाली’ असे सांगून मोकळे होतात. आपण सांध्यात उष्णता होईल अशी कोणतीच गोष्ट धरलेली नाही, तेव्हा ही पळवाट बंद आहे.

खरे उत्तर असे आहे. स्पंद सांध्यावरून जायला ६० सेंटिमीटर भागिले ४० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ०.०१५ सेकंद लागतो. तेवढ्याच वेळात पुढचा स्पंद जाड दोरात शिरतो, पण तेथे वेग निम्मा असल्याने तो ३० सेंटिमीटरच पसरतो. लांबी निम्मी, दर मीटरचे वस्तुमान चौपट, म्हणजे हलणारे एकूण वस्तुमान दुप्पट. दोराचा प्रत्येक कण वरखाली होण्यास तितकाच वेळ घेतो, म्हणून त्याची गती उंचीच्याच प्रमाणात राहते. तेव्हा पुढच्या स्पंदाचे सोळा दुप्पट मोजले पाहिजेत. बत्तीस आणि चार मिळून छत्तीस. हा हिशेब गतिज ऊर्जेचा झाला, पण एका दिशेने धावणाऱ्या स्पंदात स्थितिज ऊर्जाही तितकीच असते, म्हणून निष्कर्ष बदलत नाही. नऊतला एक भाग परतला, आठ भाग पुढे गेले.

आता तोच ६ सेंटिमीटरचा स्पंद जाड दोराकडून बारीककडे सोडा. सूत्रातल्या v₁ आणि v₂ ची अदलाबदल केली की पुढे जाणारा स्पंद ८ सेंटिमीटरचा येतो आणि परतणारा २ सेंटिमीटरचा, सरळच. आलेल्यापेक्षा पुढचा मोठा! ऊर्जा पाहा. जाड दोरात दुप्पट मोजायचे, म्हणून आलेले ७२, परतलेले ८, बारीक दोरात गेलेले ६४. बेरीज पुरी होते, आणि विभागणीही पूर्वीसारखीच एकास आठ. उंची वाढली, ऊर्जा वाढली नाही.

या ऊर्जेच्या पडताळ्याचा व्यवहारात उपयोग आहे. घाईत विद्यार्थी वेगाऐवजी वस्तुमानाचेच गुणोत्तर, एकास चार, वापरतो. मग त्याला परतणारा उणे ३.६ आणि पुढचा २.४ सेंटिमीटर मिळतो. सहातून ३.६ वजा जाता २.४ उरतात, म्हणून पहिली अट त्याला पकडत नाही. पण वर्ग करून पुढचा दुप्पट मोजला की बेरीज साडेचोवीसच्या आत राहते, छत्तीस होत नाही. चूक जागच्या जागी सापडते. माझे म्हणणे एवढेच की या प्रश्नाच्या गुणांतले निम्मे गुण सूत्राऐवजी या दोन अटींना आणि या पडताळ्याला ठेवावेत.

प्रयोगशाळेत हे करून पाहता येते, मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. सेकंदाला ४० मीटर हा वेग डोळ्यांना पकडता येत नाही. ताण १० न्यूटन केला तर वेग २० आणि १० मीटरवर येतात, उंचींची गुणोत्तरे तीच राहतात. आजच्या मोबाइलवर संथगती चित्रण करता येते, त्यातून उंची मोजाव्यात. मोजताना स्पंद सांध्यापासून पुरता सुटलेला असावा, नाहीतर आलेला आणि परतणारा मिसळलेले दिसतात. दोर उभा टांगू नये, कारण मग ताण जागोजागी बदलतो.

गाठ हलकी हवी, कारण दुसरी अट सांधा बिनवजनी धरूनच लिहिली आहे. आपल्या ४० न्यूटनच्या उदाहरणात ५ ग्रॅमची गाठ फारसे बिघडवत नाही. ५० ग्रॅमची मोठी गाठ मात्र स्पंदाच्या अवधीत पुरती हलतच नाही. पुढचा स्पंद बुटका, बोथट आणि लांबट निघतो आणि परतणारा हिशेबापेक्षा मोठा येतो. असे दिसले की सूत्राला दोष देऊ नये, गाठीचे वजन करावे.

आणखी एक मर्यादा आहे. जाडी एकदम न बदलता काही मीटरांत हळूहळू वाढत गेली, तर ६० सेंटिमीटरच्या स्पंदाला सांधा असा भेटतच नाही. जवळजवळ काहीच परतत नाही आणि पुढे गेलेला स्पंद ४ ऐवजी सुमारे ४.२ सेंटिमीटरचा असतो, कारण दुप्पट मोजलेला त्याचा वर्ग आता एकटाच छत्तीस भरून काढतो. म्हणजे ‘सांधा’ हा शब्दही सापेक्ष आहे. स्पंदाच्या लांबीच्या मानाने बदल आखूड असेल तरच तो सांधा.

दोन सूत्रे परीक्षेनंतर महिन्याभरात विसरली जातात. दोर तुटत नाही आणि सांध्यावर कोन पडत नाही, या दोन गोष्टी विसरायच्या म्हटल्या तरी विसरता येणार नाहीत. ज्याच्याजवळ त्या आहेत त्याला सूत्रे केव्हाही काढता येतील, आणि ती खरी आहेत की नाहीत हेही ऊर्जेची बेरीज करून स्वतःचे स्वतःला ठरवता येईल.