टॅरो : खेळाचे पान, भविष्याचा दावा आणि मनाचा आरसा

१/८ टॅरोची पाने म्हणजे प्राचीन इजिप्तची गूढविद्या, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. इतिहासाला हे मान्य नाही. माझे मत असे : या पानांतून भविष्य कळत नाही, मात्र स्वतःचा विचार तपासण्यास ती उपयोगी पडतात. #थ्रेड

२/८ पंधराव्या शतकात उत्तर इटलीच्या दरबारांत टॅरो हा पत्त्यांचा खेळ होता. एकूण पाने ७८ : चार रंगांची ५६ आणि हुकुमाची चित्रपाने २२. आपली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आठवा. दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने. त्यांवर देव असूनही गंजिफेची ओळख खेळ म्हणूनच राहिली.

३/८ १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ याने टॅरोचे मूळ इजिप्तमध्ये असल्याचे लिहिले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यँने ती उलगडली १८२२ मध्ये. दावा आधी आला, पुरावा कधीच आला नाही.

४/८ १९०९ मध्ये लंडनमध्ये आर्थर वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ यांनी नवा संच चितारला. त्यांनी साध्या पानांवरही माणसे आणि प्रसंग रंगवले. चिंतनासाठी हाच संच सोयीचा, कारण चित्रात पाहण्यासारखे काही असते.

५/८ नवशिक्याने तीनच पाने घ्यावीत : सद्यःस्थिती, अडथळा, पुढचे पाऊल. आधी प्रश्न लिहावा, मग पाने पिसावीत. पुस्तिकेतील अर्थ पाहण्यापूर्वी चित्रात काय दिसते ते दोन वाक्यांत लिहावे.

६/८ एक कल्पित उदाहरण. वर्ध्यात पदवी झालेली मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जावे की घरीच अभ्यास करावा, या विवंचनेत आहे. ‘मला यश मिळेल का?’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘निर्णय घेताना मी कशाकडे पाहत नाही?’ हा योग्य.

७/८ पहिले पान नाण्यांची अठ्ठी : बाकावर बसून नाणी घडवणारा कारागीर, शहर दूर. ती लिहिते, ‘अभ्यास इथेही चालूच आहे.’ दुसरे तलवारींची दुर्री : डोळे बांधलेली स्त्री. ‘खर्चाचा हिशेब मी टाळते आहे.’ तिसरे संन्यासी : शिखरावर कंदील धरलेला एकटा वृद्ध. ‘एकटीने अभ्यास जमतो का, हे महिनाभर पाहीन.’ उत्तर पानांनी दिले नाही. तिने टाळलेली गोष्ट तिच्याच हाताने कागदावर आली.

८/८ दुसरी पाने निघाली असती, तरी बहुधा खर्चाचा प्रश्न तिला सापडला असता. म्हणूनच यात दैवी संकेत नाही. मनासारखे पान येईपर्यंत पुन्हा पुन्हा पिसू लागलात, तर चिंतन संपून कौल लावणे सुरू झाले, असे समजावे. आणि पुण्यातील खोलीचे भाडे किती, हे पानांना विचारू नये. तिथे राहणाऱ्या मैत्रिणीला विचारावे.