धाराशिवमध्ये पाणी १०० अंशांवर उकळत नाही, मग थर्मामीटर १०० ला का जुळवायचा?

भूम, वाशी, कळंबच्या पट्ट्यात दूध संकलन केंद्र, खव्याची भट्टी किंवा पनीरचे छोटे युनिट असे कुठेही डोकावले तरी एक डिजिटल थर्मामीटर दिसतो. लांब स्टीलची कांडी, वर आकडे दाखवणारी छोटी खिडकी. बल्क कूलरमधले दूध ४ अंशांवर आले का, टाकीतले दूध ६३ अंशांवर अर्धा तास टिकले का, हे सगळे त्या आकड्यावर ठरते. तो आकडा बरोबर आहे का, हे मात्र क्वचितच कोणी तपासते. तपासलेच तर बऱ्याचदा अशा पद्धतीने, की न तपासलेले परवडले असते.

पद्धत जुनी आणि बिनखर्चाची आहे. वितळणारा बर्फ ० अंशांवर असतो आणि पाणी ठरावीक तापमानाला उकळते. कांडी दोन्हींत बुडवायची, चूक किती ते पाहायचे आणि तेवढी वजा किंवा अधिक करायची. गडबड होते ती ‘ठरावीक’ या शब्दात. माहितीपत्रकात बहुधा १०० छापलेले असते. ते समुद्रकाठच्या गावासाठी खरे. धाराशिव शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ९७.८ अंशांनाच उकळते. आच कितीही वाढवली तरी वाफ जास्त होईल, तापमान वाढणार नाही.

या सव्वादोन अंशांनी काय बिघडते, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका केंद्रावरची कांडी बर्फात १.२ दाखवते आणि उकळत्या पाण्यात ९८.६. खरे आकडे ० आणि ९७.८ आहेत. म्हणजे कांडी खाली १.२ ने आणि वर ०.८ ने जास्त दाखवते. आता बर्फाची चाचणी न करता एखाद्याने फक्त उकळते पाणी घेतले आणि १०० हाच खरा आकडा धरला, तर त्याला वाटेल की कांडी १.४ ने कमी दाखवते. तो सेटिंगमध्ये १.४ वाढवून ठेवेल. जास्त दाखवणारी कांडी आता आणखी जास्त दाखवू लागली. टाकीवर ६३ दिसेल तेव्हा दूध प्रत्यक्षात ६०.६ अंशांच्या आसपास असेल. अन्नसुरक्षेच्या नियमांत पाश्चरायझेशनसाठी किमान ६३ अंश, ३० मिनिटे अशी अट आहे. घड्याळ बरोबर, नोंदवही बरोबर, दूध मात्र पाश्चराइज झालेलेच नाही.

थंड बाजूला फटका दुसऱ्यालाच बसतो. हीच कांडी दुरुस्त न करता वापरली, तर ४ अंशांचे दूध ५.२ दिसेल. पुढच्या टप्प्यावर ‘गार नाही’ म्हणून शेरा पडेल आणि दोष जाईल केंद्रचालकावर.

म्हणून सुरुवात बर्फापासूनच करायला हवी. बर्फ सगळीकडे ० अंशांनाच वितळतो, उंचीचा त्यावर जाणवण्याइतका परिणाम होत नाही. पण ग्लासभर पाण्यात चार खडे टाकले म्हणजे बर्फाचे पाणी झाले, असे नाही. ४ अंशांचे पाणी सर्वांत जड असते, ते तळाशी बसते आणि कांडीचे टोक नेमके तिथे जाते. बर्फाचा चुरा करून थर्मास किंवा जाड भांडे तळापर्यंत ठासून भरावे आणि फटी भरतील एवढेच गार पाणी ओतावे. बर्फ तळापर्यंत दिसला पाहिजे. फ्रीजरमधून काढलेला कोरडा, पांढरा बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, त्याला घाम सुटेपर्यंत थांबावे. मग कांडी मध्यभागी किमान दोन इंच बुडवायची, भांड्याला टेकू द्यायची नाही, हलवत राहायचे आणि आकडा स्थिरावल्यावर लिहून घ्यायचा. कुल्फीवाल्याकडचा मीठ लागलेला बर्फ इथे चालत नाही. बोअरच्या जड पाण्याची मात्र उगाच धास्ती घेतली जाते, त्याने फरक पडतो तो अंशाच्या काही शतांशांचा.

उकळत्या पाण्याला खळाखळा उकळी हवी, तळाशी चार बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. गुळगुळीत भांड्यात पाणी कधी कधी उकळबिंदूच्या थोडे वर जाते, त्यासाठी दोन-चार स्वच्छ खडे टाकावेत. कांडी तळापासून वर धरावी आणि वायर वाफेपासून लांब ठेवावी.

आता आपल्या गावाचा उकळबिंदू कसा काढायचा? या उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक अंश घटतो. उंची मोबाइलवरच्या नकाशात मिळते, रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरही लिहिलेली असते. त्यात वीस-तीस मीटरची चूक झाली तरी फरक अंशाच्या दहाव्या हिश्श्याएवढाच पडतो. पण हवामानाच्या ॲपमधला दाब वापरू नये. ॲप धाराशिवसाठीही १०१० च्या आसपासचा आकडा दाखवते, कारण तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. इथला प्रत्यक्ष दाब ९४० हेक्टापास्कलच्या आसपास असतो. ॲपवर विसंबणारा माणूस फिरून पुन्हा १०० वरच येतो.

दोन्ही आकडे हाती आले की दुरुस्ती सोपी आहे. वरच्या कांडीत बर्फ ते उकळी हे अंतर ९७.८ असायला हवे, ती ९७.४ दाखवते. म्हणून:

खरे तापमान = (दिसणारा आकडा − १.२) × ९७.८ ÷ ९७.४

६३ दिसले तर खरे ६२.१ निघतात. म्हणजे या कांडीवर ६४ दिसेपर्यंत घड्याळ सुरू करायचे नाही. बऱ्याच स्वस्त थर्मामीटरमध्ये एकच दुरुस्ती भरता येते. तिथे जे काम तिथली चूक धरावी: कूलरवरच्या कांडीला बर्फाची, टाकीवरच्या कांडीला मधल्या तापमानाची, म्हणजे इथे साधारण उणे ०.९. काही थर्मामीटरचे बटण दाबले की समोरचे तापमान शून्य मानले जाते. ते बटण बर्फातच दाबायचे असते.

या चाचणीची मर्यादाही आहे. दोन टोके जुळली म्हणून मधला ६३ तंतोतंत जुळेल, याची खात्री नाही. विक्रीसाठी दूध पाश्चराइज करणाऱ्याने वर्षातून एकदा तरी प्रमाणित थर्मामीटर शेजारी धरून त्याच तापमानाला ताडून पाहावे. आणि बर्फात तीनदा बुडवून तीनदा वेगळा आकडा आला तर? आधी बर्फ नव्याने भरावा. तरीही आकडा नाचत असेल, तर कांडीत ओल शिरली आहे किंवा मुठीजवळ वायर तुटली आहे. अशा कांडीला दुरुस्तीचा आकडा लावण्यात अर्थ नाही, कारण उद्याची चूक वेगळी असेल. ती बदलावी.

कंपनीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असतेच. त्याच्याऐवजी कांडीच्या डबीवर तारीख, बर्फातला आकडा, उकळीतला आकडा आणि ‘इथे उकळी ९७.८’ एवढे लिहिलेली चिकटपट्टी असेल, तर पाळी बदलून आलेल्या नव्या पोराच्याही ते कामी येईल. महिन्याला एकदा आणि कांडी हातातून पडली की लगेच, एवढी तपासणी पुरे.